कातळावरचा आंबा आणि आठ वाक्यांचा गोषवारा: एका दुरुस्तीची हकिकत

मार्च अखेरची गोष्ट. वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातली एक विद्यार्थिनी रत्नागिरीत माझ्या घरी आली. तिचा मराठीतला शोधनिबंध एका परिषदेच्या संग्रहासाठी गेला होता आणि परत आला होता. परीक्षकांचा शेरा एका ओळीचा होता: "गोषवाऱ्यातून निष्कर्ष कळत नाही." निबंधाबद्दल तक्रार नव्हती, तक्रार होती पहिल्या पानाबद्दल. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि अशा संग्रहांची भाषा तपासण्याचं काम बरीच वर्षं करते, म्हणून तिच्या सरांनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं.

एक गोष्ट आधीच सांगते. मुलीची आणि बागेची ओळख राहू नये म्हणून प्रयोगाची मांडणी आणि आकडे मी इथे बदलून दिले आहेत. आंब्याविषयीची माहिती म्हणून ते कुठे वापरू नयेत. गोषवारा कसा बदलत गेला हे दाखवण्यापुरतेच ते आहेत, आणि एकमेकांशी जुळणारे आहेत.

विषय साक्याचा होता. कोकणात साका कोणाला सांगावा लागत नाही. हापूस बाहेरून सोन्यासारखा पिवळा दिसतो आणि कापल्यावर आत गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट निघतो. सालीवर काहीच खूण नसते, त्यामुळे कापल्याशिवाय कळत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी पेटी उघडल्यावरच बागायतदाराची नाचक्की होते. मुलीच्या वडिलांची देवगडकडे कलमांची बाग आहे, आणि काढलेला आंबा गाडी येईपर्यंत कातळावर ढीग करून ठेवायची तिथली जुनी सवय. त्याचा साक्याशी काही संबंध आहे का, हे तिला पाहायचं होतं.

तिचा गोषवारा असा होता:

"कोकण किनारपट्टी ही आंब्याच्या उत्पादनासाठी जगभर सुप्रसिद्ध असून हापूस हा या प्रदेशाच्या अर्थकारणाचा कणा मानला जातो. फळांमध्ये उद्भवणारी साक्याची समस्या ही बागायतदारांच्या दृष्टीने अत्यंत गंभीर बाब असून त्या अनुषंगाने सखोल अभ्यास होणे ही काळाची गरज आहे. प्रस्तुत संशोधनात तोडणीपश्चात हाताळणीच्या विविध पद्धतींचा साक्याच्या प्रमाणावर होणाऱ्या परिणामांचा तुलनात्मक अभ्यास करण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे. सदर अभ्यासासाठी योग्य शास्त्रीय पद्धतींचा अवलंब करण्यात आला. तसेच तोडणीच्या वेळेचाही विचार करण्यात आला. प्राप्त माहितीचे सांख्यिकीय विश्लेषण केले असता प्रतिकूल परिस्थितीत ठेवलेल्या फळांमध्ये साक्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक असल्याचे दिसून आले. या निष्कर्षांची सविस्तर चर्चा निबंधात करण्यात आली आहे. प्रस्तुत संशोधनामुळे कोकणातील आंबा बागायतदारांच्या उत्पन्नात भरीव वाढ होण्यास निश्चितच हातभार लागेल, अशी आशा आहे."

व्याकरणाची चूक एकही नाही. असे गोषवारे शेकड्यांनी छापले जातात, त्यामुळे तिला ते चांगलं मराठी वाटलं यात तिचा दोष नाही. मी तिला पेन्सिल दिली आणि म्हटलं, "ज्या वाक्यासाठी तुला बागेत जावं लागलं, तेवढ्याखाली रेघ मार." ती बराच वेळ बघत बसली. मग तिनं सहाव्या वाक्याखाली रेघ मारली आणि जरा थांबून पाचव्याखाली अर्धी. बाकीची वाक्यं तिला प्रयोग न करताही लिहिता आली असती. कलिंगडावर किंवा काजूवर काम केलं असतं, तरी फळाचं नाव बदलून ती तशीच चालली असती. भरतीचा मजकूर ओळखायला मला याहून सोपी कसोटी मिळालेली नाही. शब्द सुंदर आहे की बोजड, याचा तिथे प्रश्नच येत नाही. हे वाक्य या कामाशिवाय लिहिता आलं असतं का, एवढंच विचारायचं.

मग कागद बाजूला ठेवायला लावून मी विचारलं, "काय केलंस ते सांग बघू." ती भराभर बोलायला लागली. "मॅडम, वीस कलमं घेतली. प्रत्येकाचे तीस आंबे, सगळे चौदा आणे तयार. नूतन झेल्यानं देठासकट काढले. मग चिठ्ठ्या टाकून पंधरा कातळावर उन्हात ठेवले, अकरा ते दोन, आणि पंधरा मांगराच्या सावलीत पेंढ्यावर. फळांवर नुसते नंबर घातलेले. नंतर सगळे एकाच आढीत पिकवले. कापायला बाबा होते, पण कुठला नंबर कुठल्या गटातला ते त्यांना माहीत नव्हतं. कातळावरच्या तीनशेत सत्तावन्न साक्याचे निघाले, सावलीतल्या तीनशेत तेहतीस."

मी हे जसंच्या तसं उतरवून घेतलं. यात चिठ्ठ्या आहेत, म्हणजे चांगली फळं मुद्दाम सावलीत गेली नाहीत. कापणाऱ्याला गट माहीत नव्हता, म्हणजे साका ठरवताना त्याचा कल मध्ये आला नाही. प्रयोगावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवायला वाचकाला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. आणि गोषवाऱ्यात या दोन्हींच्या जागी काय होतं, तर "योग्य शास्त्रीय पद्धतींचा अवलंब". तिनं चांगलं काम केलं होतं आणि ते स्वतःच झाकून ठेवलं होतं. मला याचंच फार वाईट वाटतं. ज्यानं काहीच धड केलेलं नाही, तोसुद्धा हेच वाक्य लिहितो, त्यामुळे वाचकाला दोघांत फरक करता येत नाही.

पुढचं काम क्रियापदांचं. "अभ्यास करण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे" यात करणं दोनदा येतं आणि केलं काय ते येत नाही. शास्त्रीय लेखनात "मी" नको, म्हणून "करण्यात आले" लिहावं लागतं, अशी तिची समजूत होती. इथे मराठीनं आपली मोठी सोय करून ठेवली आहे, ती आपण विसरतो. "फळे काढण्यात आली" याऐवजी नुसतं "फळे काढली" म्हटलं तरी कर्ता सांगावा लागत नाही, कारण भूतकाळात क्रियापद फळांप्रमाणे चालतं. वाक्य आखूड होतं आणि औपचारिकताही जात नाही. तशीच गोष्ट "असल्याचे दिसून आले"ची. साका निघाला, तर "निघाला" म्हणावं. "सदर", "प्रस्तुत", "त्या अनुषंगाने" हे शब्द काढल्यावर कुठलंच वाक्य लंगडं झालं नाही.

तरी हा सगळा सोपा भाग होता. खरी अडचण सहाव्या वाक्यातल्या दोन शब्दांत होती: "प्रतिकूल परिस्थितीत" आणि "लक्षणीयरीत्या".

आधी लक्षणीय. संख्याशास्त्रात या शब्दाला ठरलेला अर्थ आहे: खरोखर फरक नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगानं दिसण्याची शक्यता कमी आहे. बोलीत मात्र लक्षणीय म्हणजे मोठा, डोळ्यांत भरणारा. वाचक बोलीतला अर्थ घेतो. फळं पुष्कळ घेतली, तर शंभरात एका फळाचा फरकसुद्धा संख्याशास्त्राच्या अर्थानं लक्षणीय ठरू शकतो आणि बागायतदाराला त्याचं काहीच मोल नसतं. म्हणून तो शब्द काढून आकडा द्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी तिनं लिहून आणलं: "सावलीत ठेवल्याने साका ४२ टक्क्यांनी घटला."

हिशेब बरोबर होता. ५७ वरून ३३ म्हणजे २४ ची घट, आणि ५७ चे ४२ टक्के म्हणजे २४. पण हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात काय उभं राहतं ते पाहा. शंभर आंब्यांतले बेचाळीस वाचले, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात शंभरात १९ खराब निघत होते ते ११ निघाले, म्हणजे आठ वाचले. मूळचं प्रमाण न सांगता नुसती टक्क्यांतली घट सांगितली, की लहान फरक मोठा दिसतो. शंभरातल्या दोन फळांची एक झाली, तरी "५० टक्के घट" म्हणता येतं. म्हणून दोन्ही गटांची मूळ मोजणी द्यायची, तीनशेपैकी किती आणि तीनशेपैकी किती, आणि मग फरक. बेचाळीस हा आकडा आम्ही गोषवाऱ्यातून पूर्ण काढला. तिला तो सोडताना जड गेलं, कारण तो भारदस्त दिसत होता.

फरकाबरोबर त्याची मर्यादाही, म्हणजे खरा फरक साधारण किती ते किती असू शकतो तेही, द्यायचं होतं. इथे एक खाच आहे. फळं सहाशे असली, तरी एका कलमाची फळं एकमेकांसारखी असतात. एखाद्या कलमाला साका मुळातच जास्त असतो. त्यामुळे सहाशे स्वतंत्र नोंदी आहेत असं धरून गणित करता येत नाही. तिनं निबंधात प्रत्येक कलमाचा फरक वेगळा काढून त्या वीस फरकांवर गणित केलं होतं, आणि तेच योग्य होतं. वीसपैकी १५ कलमांत कातळावरच्या फळांत साका जास्त होता, तिघांत सारखा, दोघांत उलट. सरासरी फरक शंभर फळांमागे आठ, आणि ९५ टक्के विश्वास-मर्यादा चार ते बारा. हे सगळं तक्त्यात होतं, गोषवाऱ्यात त्यातलं काहीच नव्हतं.

तक्ता उघडला तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. तक्त्यात सावलीतली साक्याची फळं ३३ होती आणि निबंधाच्या चर्चेत ३४. गोषवाऱ्यात आकडाच नसल्यामुळे हा घोळ कोणाच्या लक्षात आला नव्हता. तिनं वहीतली मूळ नोंद पाहिली. देठाशी कुजलेलं एक फळ चर्चेत साक्याचं म्हणून मोजलं गेलं होतं. चर्चेतला आकडा ३३ केला. तेव्हापासून मी सर्वांना सांगते, की गोषवाऱ्यातला प्रत्येक आकडा शेवटी तक्त्याशी बोट ठेवून जुळवा.

आता "प्रतिकूल परिस्थितीत". हा शब्द काढून तिथे काय लिहायचं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "उन्हात कातळावर." आणि दुसऱ्या गटाचं? "सावलीत पेंढ्यावर." दोन्ही एकाखाली एक लिहिल्यावर ती गप्प झाली. मीही गप्प बसले. तिला दिसलं होतं. एका गटाला ऊन आणि कातळ, दुसऱ्याला सावली आणि पेंढा. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. साका वाढला तो डोक्यावरच्या उन्हानं, की खालच्या तापलेल्या दगडानं, हे या प्रयोगावरून सांगता येत नाही. निबंधाच्या शेवटी मात्र तिनं ठासून लिहिलं होतं की कातळाच्या उष्णतेमुळे साका होतो. फळाच्या गराचं तापमान तिनं मोजलंच नव्हतं.

"मॅडम, मग सगळं वाया गेलं का?" तिनं विचारलं. वाया काहीच गेलं नव्हतं. कातळावर उन्हात ठेवलेल्या आणि सावलीत पेंढ्यावर ठेवलेल्या फळांत फरक पडतो, हे तिनं नीट दाखवलं होतं. त्याचं कारण काय, हे दाखवलं नव्हतं. ढोबळ शब्दामुळे या दोन गोष्टी एकच वाटत होत्या, तिला स्वतःलासुद्धा. गोषवारा घासूनपुसून स्पष्ट करणं म्हणजे फक्त भाषेचं काम, असं मानणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते. "प्रतिकूल परिस्थिती" तशीच राहिली असती, तर प्रयोगातली ही उणीव छापून आल्यावर दुसऱ्या कोणीतरी काढली असती.

पाचवं वाक्यही असंच फसवं होतं. "तोडणीच्या वेळेचाही विचार करण्यात आला." विचार करून काय मिळालं? दहा कलमांची फळं सकाळी सातला काढली होती आणि दहांची साडेदहाला. साका निघाला ४३ आणि ४७ फळांत, प्रत्येकी तीनशेपैकी. म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. फरक नाही म्हणून तिनं तो गुळमुळीत वाक्यात गुंडाळून टाकला होता. पण सकाळी लवकर उठून तोडणी केली तर साका कमी होतो का, हे विचारणाऱ्या माणसाला हे उत्तर हवंच आहे. फक्त ते जपून द्यायला हवं. दहा-दहा कलमांवरून मोठा फरक असता तर दिसला असता, लहान फरक असेल तर तो यात पकडता येणार नाही. "वेळेचा परिणाम होत नाही" आणि "आम्हाला फरक आढळला नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. तिच्याजवळ पुरावा दुसऱ्या विधानाचा होता.

क्रम ठरवताना मी जुन्या युक्तीचा आधार घेतला. १९८७ साली 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात मथळ्यांखाली विभागलेल्या गोषवाऱ्याचा प्रस्ताव आला: उद्देश, मांडणी, ठिकाण, कोणावर, काय केलं, काय मोजलं, काय मिळालं, निष्कर्ष. या संग्रहात मथळे छापत नाहीत, म्हणून आम्ही ते कच्च्या कागदावर घातले, प्रत्येकाखाली एक-दोन वाक्यं लिहिली आणि शेवटी मथळे खोडले.

तो मसुदा मी नागपूरच्या एका मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवला. तीही विज्ञानाचीच. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "सगळं समजलं, पण साका म्हणजे काय गं?" पार्श्वभूमीची दोन्ही वाक्यं काढताना आम्ही गरजेचंही काढून टाकलं होतं. आम्हा दोघींना साका पोटातून माहीत, म्हणून ते ध्यानातच आलं नाही. हापूस जगप्रसिद्ध आहे हे वाचकाला सांगायची गरज नाही, पण साका म्हणजे गराला काय होतं हे सांगायला हवं. "चौदा आणे"चंही तसंच. कोकणातला माणूस फळाची तयारी आण्यांत मोजतो, बाहेरच्याला ते कळत नाही. दोन्ही ठिकाणी कंसात चार शब्द घातले.

तिच्या सरांचा आग्रह होता की महत्त्व सांगणारं एक तरी वाक्य असावं. शेवटचं, उत्पन्न वाढेल असं सांगणारं वाक्य मी राहू देणार नव्हते, कारण उत्पन्न तिनं मोजलेलंच नाही. सरांशी बोलून मधला मार्ग निघाला. बागेतली प्रत्यक्ष सवय पहिल्या वाक्यात आली, की हा प्रयोग का केला ते वेगळं सांगावंच लागत नाही. त्यांना ते पटलं.

शेवटी संग्रहाला गेलेला गोषवारा असा:

"काढलेला हापूस वाहन येईपर्यंत कातळावर ठेवण्याची पद्धत काही बागांत आहे. अशा फळांत सावलीत ठेवलेल्या फळांपेक्षा साका (पिकल्यावर गर पांढरट, स्पंजासारखा व आंबट राहणे) जास्त निघतो का, हे तपासले. एका बागेतील २० कलमांवरून प्रत्येकी ३० 'चौदा आणे' (पूर्ण वाढीच्या जवळ आलेली) फळे काढली. प्रत्येक कलमाची १५ फळे चिठ्ठ्या टाकून निवडली व सकाळी ११ ते दुपारी २ उन्हात कातळावर ठेवली. उरलेली १५ त्याच वेळी सावलीत पेंढ्यावर ठेवली. सर्व फळे एकाच आढीत पिकवून कापली. कापणाऱ्यास फळाचा गट माहीत नव्हता. कातळावरच्या ३०० पैकी ५७ फळांत (१९ टक्के) आणि सावलीतल्या ३०० पैकी ३३ फळांत (११ टक्के) साका निघाला. फरक शंभर फळांमागे ८ फळांचा होता (९५ टक्के विश्वास-मर्यादा ४ ते १२). सकाळी ७ वाजता व साडेदहाला काढलेल्या फळांत फरक आढळला नाही (३०० पैकी ४३ व ४७), मात्र लहान फरक ओळखण्यास प्रत्येकी १० कलमे अपुरी आहेत. ऊन आणि कातळ यांचे परिणाम या मांडणीत वेगळे करता येत नाहीत. प्रयोग एका बागेत, एका हंगामात केला."

आधीच्या गोषवाऱ्यापेक्षा हा थोडा लांब आहे, हे मुद्दाम सांगते. मर्यादा २०० शब्दांची होती आणि आम्ही तिच्या आत राहिलो. भरती काढल्यावर मजकूर आखूड व्हायलाच हवा असं नाही. मोकळी झालेली जागा तिनं केलेल्या कामानं भरली.

पाठवण्याआधी तिनं तो घरी वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ह्या सगळा खरा, पण आंबो कातळार ठेवूचो की नाय ता सांग." ती म्हणाली, "उन्हात कातळावर नको, एवढं नक्की. पण कातळ सावलीत असला तर चालेल का, ते मला अजून माहीत नाही."

पुढच्या हंगामाची मांडणी तिनं त्याच आठवड्यात वहीत लिहिली. उन्हात कातळ, उन्हात पेंढा, सावलीत कातळ, सावलीत पेंढा असे चार ढीग. तीसला चारनं भाग जात नाही, म्हणून प्रत्येक कलमाचे ३२ आंबे, प्रत्येक ढिगाला आठ. या खेपेला दर अर्ध्या तासानं गराचं तापमानही मोजायचं आहे. त्यासाठी टोचलेली फळं मोजणीतून वगळायची, हेही तिनं कोपऱ्यात लिहून ठेवलं आहे.